वकिलाच्या नोटिशीचे फोटो आलेत: मागणी काय, मुदत कधीपर्यंत, गप्प बसलं तर काय (चेक बाऊन्सची नोटीस)

प्रश्न: बाबांना (तासगावकडे द्राक्षबाग आहे) कृषी सेवा केंद्रवाल्याच्या वकिलाची इंग्रजी नोटीस आलीय. मी पुण्यात, त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलेत, काही नीट दिसत नाहीत. 2,40,000 चा चेक बाऊन्स झाला म्हणतायत, वर 18 टक्के व्याज आणि नोटिशीचा खर्च 5,500. नोटिशीवर 28 जून तारीख आहे, पोस्टमनने 4 जुलैला दिली, आज 9. म्हणजे 13 जुलैला मुदत संपते का? बाबांनी मे महिन्यात 60,000 फोनपे केलेत, त्याचा नोटिशीत उल्लेखच नाही. बाबा म्हणतात उत्तर द्यायची गरज नाही, आई म्हणते पोलीस येतील. त्यांना साध्या मराठीत एका पानात समजावून सांगायचंय, कसं लिहू?

उत्तर:

आधी तारखेचं सांगते, कारण बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल. 13 जुलै नाही, 19 जुलै. चेकच्या नोटिशीत पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस हातात पडली त्या दिवसापासून, नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नाही, आणि मिळाली तो दिवस धरायचा नाही. 4 ला मिळाली, 5 ला पहिला दिवस, 19 ला पंधरावा. त्यामुळे तुमच्याकडे अजून दहा दिवस आहेत. फक्त हे "4 जुलै" खरं आहे ना ते बघायला पाहिजे, ते कसं बघायचं ते खाली लिहिते.

मी तालुका कोर्टात वकिली करते आणि चेकच्या केसेस आमच्याकडे दोन्ही बाजूंनी भरपूर असतात. माझ्याकडे येणारे निम्मे लोक आता कागद घेऊन येतच नाहीत, मोबाईल पुढे करतात. त्यामुळे फोटोवरून नोटीस वाचून घरच्यांना समजेल असं पान करून देणं हे माझं नेहमीचंच काम झालंय. त्यात माझा एक नियम आहे. पानावर तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायच्या: नोटिशीत काय लिहिलंय, कायदा काय म्हणतो, आणि आपलं म्हणणं काय. तुमच्या घरी भांडण नेमकं ह्याच तीन गोष्टी एकात मिसळल्यामुळे चाललंय. बाबांच्या डोक्यात 60,000 आहेत म्हणून त्यांना सगळी नोटीसच खोटी वाटतेय, आणि आईने शेवटचा धमकीचा पॅरा ऐकला म्हणून तिला पोलीस दिसतायत.

फोटो आधी नीट करून घ्या

बाबांना सांगा, कागद टेबलावर सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, चारही कोपरे दिसतील असा एकेका पानाचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फोटो म्हणून पाठवला की अॅप तो दाबून बारीक करतं आणि बारीक टाईपमधले आकडे विरघळतात. नोटिशीची मागची बाजू कोरी असली तरी एकदा बघून घ्या, काही वकील पाठपोट छापतात.

मग पानं पूर्ण आहेत का ते तपासा. पानांना नंबर नसले तरी पॅरांना असतात. एक, दोन, तीन, चार आणि मग एकदम सहा आला तर मधलं पान राहिलंय, आणि माझ्या अनुभवात राहणारं पान बहुतेक वेळा मागणीचंच असतं, कारण ते शेवटून दुसरं असतं आणि घाईत दोन पानं एकाला एक चिकटून येतात. शेवटच्या पानावर वकिलाची सही आणि पत्ता दिसला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा फोटो नोटिशीचा नाहीच, पाकिटाचा आहे. पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्ही. बहुतेक घरात पाकीट फाडून केरात जातं, तर ते आजच शोधायला लावा. त्यावर टपाल शिक्का असतो आणि स्पीड पोस्टचा तेरा अक्षरांचा नंबर असतो, ई ने सुरू होणारा आणि आय एन ने संपणारा. तो नंबर पोस्टाच्या वेबसाईटवर टाकला की कधी पोस्टात पडली आणि कधी डिलिव्हर झाली ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, ही माहिती तिथे कायमची राहत नाही. बाबा 4 म्हणतायत आणि ट्रॅकिंगला 3 दिसलं तर 3 धरूनच चाला, कारण समोरचा कोर्टात तेच दाखवणार.

आता न दिसणारे आकडे. घडी नेमकी रकमेवरून जाते हे जणू ठरलेलंच असतं. 2,40,000 आणि 2,10,000 फोटोत सारखेच दिसतात. पण चेकच्या नोटिशीत रक्कम एकाच जागी नसते. चेकच्या वर्णनात येते, मागणीच्या पॅरात परत येते आणि बहुतेकदा अक्षरात पण लिहिलेली असते, तर तिन्ही जुळवून बघा. तारखांचं तर लॉजिकच असतं: आधी चेकची तारीख, मग बँकेने चेक परत केला ती, मग नोटिशीची, मग पोस्टाची. चेक परत करताना बँक जो मेमो देते त्याची तारीख 12 जून की 12 ऑगस्ट असा घोळ पडला तर नोटीसच 28 जूनची आहे म्हटल्यावर ऑगस्ट असणार नाही. चेक नंबर बाबांच्या चेकबुकच्या अर्ध्या चिठ्ठीशी ताडून घ्या. आणि एवढं करूनही कळलं नाही तर पानावर सरळ "अस्पष्ट, मूळ कागद बघणे" असं लिहा. अंदाजाने भरलेला आकडा पुढे सगळे खरा धरून चालतात आणि मग उत्तरातही तोच चुकीचा जातो.

मागणी: तीन रकमा आहेत पण तिन्ही सारख्या नाहीत

नोटिशीचे पहिले दोन-तीन पॅरे म्हणजे त्यांची गोष्ट. आमचे अशील अमुक दुकान चालवतात, तुम्ही औषधं-खतं उधारीवर नेली, येणं थकलं, म्हणून चेक दिला वगैरे. तुमच्या पानावर ह्याला एक ओळ पुरे आणि त्या ओळीची सुरुवात "त्यांचं म्हणणं" अशी करा. लोक इथे फसतात, इंग्रजीत ठाम वाक्यात छापलेलं दिसलं की ते सिद्धच झालंय असं वाटतं. तो एका बाजूचा दावा आहे, बास.

खरी मागणी ज्या पॅरात "इतक्या दिवसात अमुक रक्कम द्या" असं येतं तिथे आहे. तुमच्या केसमध्ये चेकचे 2,40,000, त्यावर 18 टक्के व्याज आणि 5,500 खर्च. ह्यातली पहिली रक्कम वेगळी आणि उरलेल्या दोन वेगळ्या. चेक बाऊन्सचं कलम म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं 138, आणि त्या कलमाला मतलब आहे तो फक्त चेकच्या रकमेशी. पंधरा दिवसात ती पूर्ण रक्कम दिली तर 138 खाली गुन्हाच होत नाही, व्याज आणि नोटिशीचा खर्च दिला नाही तरी. ते त्यांना वसूल करायचं असेल तर दिवाणी कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागेल की व्याज ठरलं होतं का, बिलावर छापलंय का वगैरे.

पण म्हणून "जास्तीचं मागितलं म्हणजे नोटीस बाद" असं कुणी सांगितलं तर लगेच खूश होऊ नका. सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सुमन सेठी केसमध्ये सांगितलंय की चेकची रक्कम वेगळी दाखवून वर व्याज-खर्च मागितला असेल तर नोटीस चालते, वरचा भाग वेगळा काढता येतो. नोटीस अडचणीत येते ती चेकची रक्कमच चुकीची मागितली असेल किंवा सगळं एकत्र करून एकच आकडा टाकला असेल तेव्हा. म्हणून तुमच्या पानावर तिन्ही रकमा नोटिशीत जशा आहेत तशाच वेगवेगळ्या लिहा, बेरीज करून "2,50,000 च्या आसपास मागतायत" असं लिहू नका. माहिती तिथेच हरवते.

मुदत: एक तुमची, दोन त्यांच्या

नोटिशीत एकच मुदत दिसते, पंधरा दिवसांची. पण ह्या कलमात एकामागोमाग तीन घड्याळं चालतात आणि तिन्ही समजली की नोटिशीचं गांभीर्य कळतं.

पहिलं घड्याळ त्यांचं, आणि नोटीस पाठवली तेव्हाच ते थांबलं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर तीस दिवसांच्या आत त्यांनी लेखी मागणी करायला पाहिजे. वरच्या उदाहरणासारखा मेमो 12 जूनचा असेल तर त्यांना 12 जुलैपर्यंत वेळ होता आणि नोटीस 4 ला तुमच्या हातात आहे, म्हणजे ह्यात काही चूक सापडणार नाही. पण मेमो मेच्या शेवटचा निघाला तर दिवस मोजून बघा. पोस्टात कधी पडली ते इथे कामाला येतं, म्हणून पाकीट.

दुसरं घड्याळ तुमचं, 5 ते 19 जुलै. पैसे द्यायचे ते ह्याच्यात. लक्षात घ्या की कायद्यातले हे पंधरा दिवस पैसे द्यायचे आहेत, उत्तर द्यायचे नाहीत. उत्तराला कायद्यात वेगळी मुदतच नाही, पण उत्तर द्यायचं तर ह्याच दिवसात द्यावं म्हणजे "मागाहून सुचलं" असं म्हणता येत नाही.

तिसरं परत त्यांचं. 19 ला पैसे आले नाहीत तर 20 जुलैपासून त्यांना कोर्टात फिर्याद करायचा हक्क मिळतो आणि तिथून एक महिना, म्हणजे 20 ऑगस्टपर्यंत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, त्यामुळे 21 ऑगस्टला पेढे वाटू नका. आणि 19 च्या आत त्यांनी फिर्याद केली तर ती अवेळी, ती टिकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये योगेंद्र प्रताप सिंग केसमध्ये म्हटलंय.

एक गोष्ट कायम बजावते. हे पंधरा दिवस कायद्यानं ठरवलेत म्हणून त्यांना वजन आहे. दुसऱ्या नोटिशीत, समजा हातउसन्या पैशाच्या, वकिलाने "सात दिवसात द्या" लिहिलं असेल तर ते सात दिवस त्यानेच ठरवलेले असतात. आणि बँकेची घर जप्तीची, सरफेसी कायद्याच्या 13(2) ची नोटीस असेल तर तिथे साठ दिवस. म्हणून मुदत लिहिताना नोटीस कुठल्या कलमाची आहे ते शोधून शेजारी लिहाच. कलम बहुतेक वेळा वरती विषयाच्या ओळीत किंवा शेवटच्या पॅरात असतं. मी इथे जे दिवस सांगतेय ते 138 चेच आहेत, तुमच्या नोटिशीवर दुसरं काही निघालं तर हे सगळं लागू होणार नाही.

गप्प बसलं तर काय

इथे दोन प्रश्न आहेत: पैसे न देणं आणि उत्तर न देणं. बाबा दुसऱ्याबद्दल बोलतायत, आई पहिल्याबद्दल.

उत्तर न देणं हा गुन्हा नाही, त्यासाठी कुणाला शिक्षा होत नाही. इथपर्यंत बाबा बरोबर आहेत. पण चेकवर सही तुमची आहे म्हटल्यावर तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं, कलम 139, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. अशा वेळी नोटीस मिळूनही तुम्ही काही बोलला नाहीत तर ते विरुद्ध जातं. रंगप्पा केसमध्ये, 2010 ची आहे, सुप्रीम कोर्टाने आरोपीने नोटिशीला उत्तर दिलं नाही हे त्याच्या विरुद्ध धरलंय. दीड-दोन वर्षांनी साक्षीत उभं राहून "मी 60,000 दिले होते" सांगितलं तर समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो: मग नोटीस आली तेव्हा का नाही सांगितलं? त्याला उत्तर नसतं.

पैसे न देण्याचे परिणाम पायरीपायरीने लिहा, म्हणजे आईची भीती पण जाईल. 20 जुलैला सकाळी दारात कोणी येणार नाही. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, पोलीस स्वतःहून उचलून नेत नाहीत. समोरचा मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करतो, तीही त्याच्या बँकेची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे, म्हणजे सांगलीला वगैरे खेपा माराव्या लागू शकतात. कोर्टाला फिर्यादीत दम वाटला तर समन्स येतं. वकील लावून हजर व्हायचं, जामीन होतो. समन्स येऊनही गेला नाहीत तर मात्र वॉरंट निघतं, आधी जामीनपात्र मग अजामीनपात्र, आणि आईला जे पोलीस दिसतायत ते ह्या पायरीवरचे आहेत, नोटिशीच्या नाही.

हजर होऊन "गुन्हा कबूल नाही" म्हटलं की कोर्ट केस चालू असतानाच चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं, कलम 143अ. 2,40,000 वर ते 48,000 पर्यंत होतात, आणि ते साठ दिवसात भरायचे, फार तर तीस दिवस वाढवून मिळतात. सुटलात तर व्याजासकट परत. शेवटी दोषी ठरलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणजे दंड 4,80,000 पर्यंत. हे सगळं "पर्यंत" आहे, तुमच्या पानावर पण "पर्यंत" आणि "होऊ शकतं" असंच लिहा. "होईल" लिहिलं तर घरात रडारड होते आणि माणूस चुकीच्या घाईने कुठेतरी सही करून येतो. तडजोड कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते, ते पण लिहा.

आणि कुणी सुचवेल की पुढची नोटीस आली तर घेऊच नका. त्याचा उपयोग नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस "घेण्यास नकार" म्हणून परत गेली तरी ती मिळाली असंच धरतात.

60,000 चं काय

हे तुमच्या पानावर नोटिशीच्या सारांशात घालायचं नाही, खाली वेगळी रेघ मारून "आपलं म्हणणं" ह्यात. कारण नोटिशीत ते नाहीच. पण तुमच्या प्रश्नातली कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे.

सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये दशरथभाई पटेल केसमध्ये असं धरलं की चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकायच्या आधी काही रक्कम दिली असेल तर ती चेकवर नोंदवायला पाहिजे (कलम 56). तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला तर चेकवरचा आकडा आणि त्या दिवशीचं खरं देणं जुळत नाही, आणि मग 138 लागत नाही. बाबांनी चेक एप्रिलमध्ये पुढची तारीख टाकून दिला, मेमध्ये 60,000 दिले आणि जूनमध्ये त्यांनी पूर्ण 2,40,000 चा चेक टाकला असं असेल तर हा मुद्दा बरोबर तुमचा आहे.

पण "असेल तर" ला किंमत आहे. चेक कधी दिला? 60,000 नंतर हिशोब करून उरलेल्या रकमेचाच 2,40,000 चा चेक दिला असेल तर हा मुद्दा उरतच नाही. फोनपे कुणाच्या खात्यात गेलं, दुकानाच्या की मालकाच्या भावाच्या? समोरचा म्हणू शकतो की ते मागच्या सीझनच्या बिलापोटी होते, आमच्याकडे तुमचं वेगळं खातं आहे. फोनपेत मेसेज काही लिहिला होता का, दुकानदाराने वहीत जमा दाखवून त्याचा फोटो पाठवला होता का, हे शोधा. बँकेचा खातेउतारा काढा, फोनपेचा नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो. आणि हा मुद्दा टिकला तरी 1,80,000 चं देणं संपत नाही हे बाबांना स्पष्ट सांगा, दिवाणी दावा त्यांना करता येतोच.

पान कसं दिसेल

तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मी बाबांसाठी असं लिहीन. जिथे मला माहिती नाही तिथे ते तसंच ठेवलंय, तुम्ही भरा:

> ही काय आहे: दुकानदाराच्या वकिलाची चेक बाऊन्सची नोटीस (कलम 138, पॅरा __). कोर्टाचा कागद नाही. अजून केस झालेली नाही.
>
> त्यांचं म्हणणं: औषधं-खतं उधारीवर नेली, त्यापोटी 2,40,000 चा चेक दिला (नंबर __, तारीख __), तो बँकेतून परत आला (तारीख __, कारण __).
>
> काय मागतायत: चेकचे 2,40,000. शिवाय 18 टक्के व्याज. शिवाय 5,500 खर्च. (पॅरा __)
>
> कधीपर्यंत: नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस. आपल्याला 4 जुलैला मिळाली (पोस्टाच्या ट्रॅकिंगवर __), म्हणून 19 जुलै. 28 जूनपासून मोजायचे नाहीत.
>
> 19 पर्यंत चेकची पूर्ण रक्कम दिली तर: चेकची फौजदारी केस होत नाही. व्याज-खर्चाचं भांडण वेगळं राहू शकतं.
>
> दिली नाही तर: 20 जुलै ते साधारण 20 ऑगस्ट ह्या काळात ते कोर्टात फिर्याद करू शकतात. मग समन्स येईल, हजर व्हावं लागेल. केस चालू असताना 48,000 पर्यंत भरायला सांगू शकतात. शेवटी दोषी ठरलो तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 4,80,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समन्सला गेलो नाही तर वॉरंट.
>
> पैसेही नाही आणि उत्तरही नाही दिलं तर: उत्तर न देण्याची शिक्षा नाही, पण पुढे आपलं म्हणणं कोर्टाला पटवणं अवघड होतं.
>
> *(ह्याच्या खाली नोटिशीत नसलेलं)*
>
> आपलं म्हणणं: मे महिन्यात 60,000 दिले (तारीख __, कुणाच्या खात्यात __). चेक त्याच्या आधी दिला होता / नंतर दिला होता. पुरावा: __

पॅरा नंबरची जी रिकामी जागा ठेवलीय ती आळस करू नका, भराच. मी प्रत्येक ओळीशेजारी नोटिशीतला पॅरा लिहिते, म्हणजे वकिलाकडे गेलात की त्याला पाच मिनिटात ताडून बघता येतं, आणि ज्या ओळीला पॅरा सापडत नाही ती ओळ आपण आपल्या मनाची घातलीय हे आपल्यालाच कळतं. बाबांना वाचून दाखवल्यावर "कळलं का" असं विचारू नका, ते हो म्हणणारच. "किती तारखेपर्यंत आणि किती रुपये" एवढं विचारा.

आता पुढचं काम. हे पान, सगळे फोटो, पाकीट आणि खातेउतारा घेऊन दोन-तीन दिवसात वकिलाकडे जा. 18 तारखेला जाल तर तो उत्तर लिहील पण पैशाचं काही ठरवायला वेळ राहणार नाही, आणि तुमच्याकडे 1,80,000 देऊन टाकायचे, हप्ते बोलायचे की पूर्ण लढायचं हे ठरवायला तोच वेळ लागणार आहे. ते मी इथून सांगू शकत नाही, चेक कधी दिला आणि वहीत काय आहे त्यावर आहे. फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा, महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न 3,00,000 च्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन केलात तरी माहिती देतात.

आणि तोपर्यंत बाबांना त्या दुकानदाराशी किंवा त्याच्या वकिलाशी फोनवर हिशोब बोलू देऊ नका. "देतो हो सगळे, दिवाळीपर्यंत थांबा" असं एक व्हॉइस मेसेजमध्ये बोलले की 60,000 चा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. जे बोलायचं ते लेखी उत्तरात, वकिलाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, आणि त्याची पावती नोटिशीच्या पाकिटालाच टाचून ठेवा.